फॉलोअपला न आलेले २६० जण: कम्प्लीट केस घ्यावं की मल्टिपल इम्प्युटेशन करावं?

दोन वर्षांचा फॉलोअप संपतो. सुरुवातीला नोंदवलेल्या १००० जणांपैकी ७४० जणांनी शेवटची प्रश्नावली भरून दिलेली असते आणि २६० जणांच्या रकान्यात काहीच नसतं. सॉफ्टवेअरला मॉडेल चालवायला सांगितलं की ते या २६० जणांना तुम्हाला न विचारता वगळतं आणि उरलेल्यांवर उत्तर काढून देतं. यालाच कम्प्लीट केस विश्लेषण म्हणतात. म्हणजे तुम्ही स्वतः काहीच ठरवलं नाही तरी एक पद्धत निवडली गेलेली असते आणि तिच्याबरोबर एक गृहीतकही तुमच्या नावावर लागलेलं असतं.

दुसरा मार्ग मल्टिपल इम्प्युटेशनचा. रिकाम्या जागी एकच अंदाज भरायचा नाही, तर उपलब्ध माहितीवरून अनेक शक्य किमती काढून अनेक पूर्ण डेटासेट तयार करायचे, प्रत्येकावर तेच विश्लेषण करायचं आणि निकाल एकत्र करायचे. नव्याने काम सुरू करणाऱ्यांना बहुतेक वेळा एक सोपा नियम सांगितला जातो: पाच टक्क्यांपेक्षा कमी माहिती गेली असेल तर पहिली पद्धत, जास्त गेली असेल तर दुसरी. हा नियम बाजूला ठेवा. किती गेलं यापेक्षा का गेलं आणि गेलेल्यांबद्दल आपल्याला आणखी काय ठाऊक आहे, यावर निवड ठरते. कशी ते एकाच उदाहरणात शेवटपर्यंत पाहू.

उदाहरण

आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून रचलेले आहेत. १००० प्रौढांचा कोहॉर्ट आहे. सुरुवातीला त्यांपैकी ४०० जणांना निद्रानाश आहे, ६०० जणांना नाही. प्रश्न असा: निद्रानाश असलेल्यांना २४ महिन्यांनी नैराश्य असण्याची शक्यता किती जास्त? नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ वापरलं आहे. त्यात नऊ प्रश्न असतात, एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त गुण म्हणजे नैराश्य असं इथे धरू. मधे १२ महिन्यांनीही एकदा पीएचक्यू-९ भरून घेतलं होतं आणि ते सोयीसाठी सगळ्यांचं उपलब्ध आहे असं मानू.

पहिली पायरी: खरोखर गहाळ काय आहे ते ठरवा

रिकामा रकाना दिसला म्हणजे माहिती गहाळ झाली असं नाही. मानसिक आजारांच्या कोहॉर्टमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त असतं. १८ व्या महिन्यात वारलेल्या माणसाचा २४ व्या महिन्याचा पीएचक्यू-९ गुण हरवलेला नाही, तो अस्तित्वातच नाही. तो इम्प्युट केला तर मेलेल्या माणसाला नैराश्याचे गुण दिल्यासारखं होतं. मृत्यूंची वेगळी नोंद ठेवा आणि संशोधनाचा प्रश्न ‘२४ महिन्यांनी हयात असलेल्यांमध्ये’ आहे, की ‘मृत्यू किंवा नैराश्य’ असा एकत्रित आहे, हे आधी लिहून काढा.

तसंच प्रश्नावलीतल्या उड्यांचं. पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचे प्रश्न विचारलेच नसतील, तर ते रकाने मुद्दाम रिकामे ठेवलेले आहेत. उलट, नववा प्रश्न, जो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, तेवढाच कुणी सोडला असेल, तर तिथे खरोखर उत्तर गहाळ आहे आणि ते सोडण्यामागे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या उदाहरणात मृत्यू नाहीत आणि २६० जण हयात असूनही आलेले नाहीत असं धरू.

दुसरी पायरी: लोक का आले नाहीत ते कागदावर मांडा

डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेली तीन प्रकारांची विभागणी आजही वापरली जाते. ती आपल्या कोहॉर्टवर बसवून पाहू.

पोस्टाचा एक गठ्ठा हरवला आणि त्यामुळे काही प्रश्नावल्या आल्या नाहीत, तर गहाळ होण्याचा कुणाच्याही आजाराशी संबंध नाही. हा पहिला प्रकार, एमसीएआर. दुसरा प्रकार एमएआर: १२ व्या महिन्यात जे जास्त उदास होते ते २४ व्या महिन्यात कमी आले, पण १२ व्या महिन्याचे गुण, निद्रानाश, वय वगैरे सारखं असलेल्या दोन माणसांत, २४ व्या महिन्यात कोण जास्त उदास आहे याचा न येण्याशी संबंध उरलेला नाही. तिसरा, एमएनएआर: हे सगळं सारखं असूनही, ज्याची तब्येत त्याच आठवड्यात ढासळली तो आला नाही.

मनोविकारांच्या अभ्यासात पहिला प्रकार क्वचितच पूर्ण खरा असतो. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या मुलांचा माग ठेवणाऱ्या एएलएसपीएसी या कोहॉर्टमध्ये, स्किझोफ्रेनियाचा जनुकीय धोका जास्त असलेल्यांचा सहभाग पुढच्या फेऱ्यांमध्ये कमी झालेला दिसला. ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा, तीच लोकांना अभ्यासातून बाहेर ढकलते.

दुसरा आणि तिसरा प्रकार डेटा पाहून वेगळे करता येत नाहीत, हे पक्कं लक्षात घ्या. त्यासाठी न आलेल्यांचे २४ व्या महिन्याचे गुण हवेत आणि नेमके तेच आपल्याकडे नाहीत. लिटल यांची चाचणी पहिल्या प्रकाराच्या विरोधात पुरावा देऊ शकते. पण तिचा निकाल ‘सिग्निफिकंट नाही’ असा आला म्हणून पहिला प्रकार सिद्ध होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला निवाडा ती करत नाही. करण्यासारखं काम वेगळं आहे. ‘आला / आला नाही’ हा चल घेऊन, त्याचा सुरुवातीच्या आणि मधल्या माहितीशी संबंध लॉजिस्टिक मॉडेलने तपासा. शिवाय फोन करणाऱ्या कर्मचाऱ्यांना न येण्याची कारणं विचारा. ‘रुग्णालयात दाखल’, ‘पत्ता बदलला’ आणि ‘आता बोलायचं नाही’ ही तीन उत्तरं तीन वेगळी गृहीतकं सुचवतात. न येण्याच्या कारणाचा रकाना बहुतेक अभ्यासांत भरला जात नाही आणि नंतर त्याचीच सगळ्यात जास्त उणीव भासते.

तिसरी पायरी: हाताने हिशेब करून पाहा

आपल्या कोहॉर्टमध्ये काय घडलं ते असं:

| गट | १२ व्या महिन्यात | एकूण | २४ ला आले | आलेल्यांत नैराश्य |
|---|---|---|---|---|
| निद्रानाश आहे | नैराश्य होतं | १५० | ६० | ३६ |
| निद्रानाश आहे | नैराश्य नव्हतं | २५० | २०० | ४० |
| निद्रानाश नाही | नैराश्य होतं | १०० | ८० | ४८ |
| निद्रानाश नाही | नैराश्य नव्हतं | ५०० | ४०० | ४० |

निद्रानाश आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १५० जणांतले फक्त ४० टक्के परत आले. बाकी तिन्ही ओळींत ८० टक्के आले. रात्र रात्र झोप नाही आणि वर नैराश्य, अशा माणसाने तासभराची मुलाखत टाळावी यात नवल नाही.

कम्प्लीट केस काय सांगतं? निद्रानाश असलेले २६० आले, त्यांत ७६ जणांना नैराश्य, म्हणजे २९.२ टक्के. नसलेले ४८० आले, त्यांत ८८, म्हणजे १८.३ टक्के. ऑड्स रेशो १.८४.

आता न आलेल्यांची जागा मधल्या फॉलोअपच्या आधाराने भरू. निद्रानाश आणि १२ व्या महिन्यात नैराश्य असलेल्यांपैकी आलेल्या ६० मध्ये ३६ जणांना, म्हणजे ६० टक्क्यांना, २४ व्या महिन्यातही नैराश्य होतं. एमएआर खरं असेल तर न आलेल्या ९० मध्येही ६० टक्के, म्हणजे ५४. दुसऱ्या ओळीतल्या न आलेल्या ५० मध्ये २० टक्के, म्हणजे १०. एकूण ७६ अधिक ६४, म्हणजे ४०० पैकी १४०, ३५ टक्के. निद्रानाश नसलेल्या गटात असंच केलं तर ६०० पैकी ११०, म्हणजे पुन्हा १८.३ टक्केच येतात. ऑड्स रेशो आता २.४०.

१.८४ आणि २.४० यांतला फरक त्या ९० माणसांनी केला आहे. इम्प्युटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जे घडतं त्याचा गाभा हाच. फक्त तिथे ५४ हा पक्का आकडा न भरता, प्रत्येक माणसासाठी अनिश्चिततेसकट किंमत काढली जाते.

आता याच तक्त्यात दोन बदल करून पाहा, कारण शिकण्यासारखं त्यात जास्त आहे.

पहिला बदल: १२ व्या महिन्याची माहिती आपल्याकडे नाही असं समजा. मग इम्प्युटेशनला फक्त निद्रानाश दिसतो. न आलेल्या १४० जणांना ते २९.२ टक्क्यांच्याच दराने नैराश्य देईल, एकूण टक्केवारी २९.२ च राहील आणि ऑड्स रेशो १.८४. इतका खटाटोप करून उत्तर तसूभर हललं नाही! फक्त निष्पत्तीच गहाळ असेल आणि इम्प्युटेशन मॉडेलमध्ये विश्लेषणातलेच चल असतील, तर मल्टिपल इम्प्युटेशन कम्प्लीट केसचंच उत्तर थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळून परत देतं. जादा माहिती ज्या साहाय्यक चलांतून येते तेच उत्तर हलवतात.

दुसरा बदल: निद्रानाश नसलेल्या गटातही १२ व्या महिन्यात नैराश्य असलेले ४० टक्केच आले असं समजा. म्हणजे १०० पैकी ४०, त्यांत २४ जणांना नैराश्य. आता त्या गटाची कम्प्लीट केस टक्केवारी ४४० पैकी ६४, म्हणजे १४.५. दोन्ही गटांत नैराश्य खऱ्यापेक्षा कमी दिसतं. पण ऑड्स रेशो २.४३ येतो, खऱ्या २.४० ला जवळजवळ चिकटून. नैराश्यामुळे होणारी गळती दोन्ही गटांत सारखी असेल तर लॉजिस्टिक मॉडेलमधला ऑड्स रेशो बराच टिकतो. केस-कंट्रोल अभ्यासात निष्पत्तीवरून माणसं निवडूनही ऑड्स रेशो वापरता येतो, त्यामागचं गणित हेच. एएलएसपीएसीवरच्या २००९ सालच्या एका अभ्यासातही असंच दिसलं: गळतीमुळे वर्तनविकारांचं प्रमाण कमी दिसलं, पण धोक्याच्या घटकांशी असलेला संबंध फारसा हलला नाही. म्हणून आपल्याला टक्केवारी हवी आहे, जोखमीतला फरक हवा आहे की ऑड्स रेशो, हे ठरवल्याशिवाय ‘कम्प्लीट केस चुकीचं आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही.

मधला एक फाटा: मग १२ वा महिना थेट मॉडेलमध्ये घातला तर?

हा प्रश्न प्रत्येक नवीन विद्यार्थी विचारतो आणि तो रास्त आहे. न येणं १२ व्या महिन्याच्या गुणांवर अवलंबून आहे, तर तोच चल रिग्रेशनमध्ये घालून कम्प्लीट केस का करू नये?

कारण निद्रानाशाचा परिणाम १२ व्या महिन्याच्या नैराश्यातूनच पुढे जातो. तो चल मॉडेलमध्ये धरला की निद्रानाशाच्या एकूण परिणामातला तो वाटा कापला जातो आणि आपण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. मल्टिपल इम्प्युटेशनची खरी सोय इथे आहे: मधला फॉलोअप रिकाम्या जागा भरताना वापरता येतो आणि विश्लेषणाच्या मॉडेलबाहेर ठेवता येतो. मनोविकारांच्या कोहॉर्टमध्ये असे चल भरपूर असतात: मधल्या फेऱ्यांचे गुण, रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी, औषधांच्या नोंदी, कुटुंबीयांनी भरलेली प्रश्नावली. प्रशासकीय नोंदींचं मोल विशेष, कारण माणूस मुलाखतीला आला नाही तरी त्या मिळतात.

चौथी पायरी: कम्प्लीट केसच बरोबर ठरेल का ते तपासा

कम्प्लीट केसला एमसीएआर लागतंच, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. रिग्रेशनच्या बाबतीत ते खरं नाही. मॉडेलमधले चल धरल्यावर, नोंद पूर्ण असण्याचा निष्पत्तीशी संबंध उरत नसेल, तर कम्प्लीट केसचे सहगुणक योग्य येतात, माहिती कोणत्याही प्रकारे गहाळ झालेली असली तरी.

मद्यपानाचं उदाहरण घ्या. समजा, एका वेगळ्या मॉडेलमध्ये निद्रानाशाबरोबर सुरुवातीचं मद्यपान हा कन्फाउंडर आहे. जे खूप पितात तेच तो प्रश्न सोडतात. म्हणजे गहाळ होणं गहाळ किमतीवरच अवलंबून आहे, सरळसरळ एमएनएआर. सगळ्यांचं २४ व्या महिन्याचं पीएचक्यू-९ मात्र इथे उपलब्ध आहे असं धरू. इथे नेहमीचं मल्टिपल इम्प्युटेशन प्रश्न सोडणाऱ्यांना खऱ्यापेक्षा कमी मद्यपान देईल, कारण ते एमएआर धरून चालतं, आणि त्यामुळे निद्रानाशाचा सहगुणकही बिघडेल. कम्प्लीट केस मात्र टिकेल, कारण प्रश्न सुरुवातीला, निष्पत्तीच्या दोन वर्षं आधी सोडला गेला आणि मद्यपान व निद्रानाश धरल्यावर सोडण्याचा पुढच्या नैराश्याशी संबंध असण्याचं दुसरं कारण दिसत नाही. किंमत मोजावी लागते ती माणसं कमी होण्याची, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल रुंद होण्याची. पण ज्याला त्या वेळी उदास वाटत होतं म्हणून प्रश्न सोडावासा वाटला, आणि ती उदासी मॉडेलमध्ये नाही, अशी शक्यता असेल तर हा युक्तिवाद कोसळतो. म्हणून तो वाक्यात लिहून सहकाऱ्यांना दाखवा. मनातल्या मनात तो नेहमीच पटतो.

पाचवी पायरी: इम्प्युटेशन करताना

आपल्या मूळ तक्त्यात न येणं १२ व्या महिन्याच्या नैराश्याशी जोडलेलं आहे, म्हणून इथे मल्टिपल इम्प्युटेशन योग्य. R मधलं `mice` पॅकेज घेऊ. प्रत्यक्षात १२ व्या महिन्याचे गुण किंवा वयही काहींचं गहाळ असेल. हे पॅकेज प्रत्येक गहाळ चलासाठी वेगळं मॉडेल बांधून आळीपाळीने फेऱ्या करतं, त्यामुळे ते सांभाळलं जातं.

चालवण्याआधी चार निर्णय घ्यावे लागतात.

विश्लेषणाच्या मॉडेलमध्ये जे जे आहे ते सगळं इम्प्युटेशनमध्ये हवं, निष्पत्तीसुद्धा. गहाळ मद्यपान भरताना पीएचक्यू-९ वापरणं अनेकांना फसवणूक वाटते. उलट ते वगळलं तर भरलेल्या मद्यपानाचा नैराश्याशी काहीच संबंध नाही असं आपण गुपचूप धरतो आणि सहगुणक शून्याकडे ओढला जातो.

गुण इम्प्युट करा, ‘१० किंवा जास्त’ हा हो-नाही चल नंतर बनवा. ९ आणि १ यांतला फरक फेकून देऊन अंदाज बांधण्यात शहाणपण नाही. पीएचक्यू-९ चे गुण डावीकडे दाटलेले असतात, म्हणून `pmm` ही रीत बरी: ती अंदाजाच्या जवळ असलेल्या खऱ्या माणसाचाच गुण उचलते, त्यामुळे उणे ३ किंवा ३१ असे अशक्य गुण येत नाहीत.

गटागटांत नातं वेगळं असेल तर ते मॉडेलला कळलं पाहिजे. आपल्या तक्त्यात १२ व्या महिन्यात नैराश्य नसलेल्यांपैकी पुढे नैराश्य झालेले निद्रानाशाच्या गटात २० टक्के, दुसऱ्या गटात १० टक्के आहेत. निद्रानाश सगळ्यांचा नोंदलेला असल्यामुळे दोन्ही गट वेगळे इम्प्युट करून जोडणं सगळ्यात सोपं.

डेटासेट किती? जुन्या पुस्तकांत ५ पुरेत असं असतं. आता सर्रास वापरला जाणारा ठोकताळा असा की, जितके टक्के नोंदी अपूर्ण, किमान तितके डेटासेट. आपल्याकडे २६ टक्के अपूर्ण, म्हणून ३० घेऊ.

```r
library(mice)
d$id <- NULL
a <- mice(subset(d, insomnia == 0), m = 30, maxit = 20,
          method = "pmm", seed = 11)
b <- mice(subset(d, insomnia == 1), m = 30, maxit = 20,
          method = "pmm", seed = 12)
imp <- rbind(a, b)
fit <- with(imp, glm(I(phq24 >= 10) ~ insomnia + age + sex,
                     family = binomial))
summary(pool(fit), conf.int = TRUE, exponentiate = TRUE)
```

`d` मध्ये `phq0`, `phq12`, दाखल झाल्याच्या नोंदी, मद्यपान असे साहाय्यक चल आहेत, पण `glm` च्या ओळीत ते नाहीत, हे पाहा. `insomnia` प्रत्येक गटात एकच असल्यामुळे त्याबद्दल पॅकेज एक सूचना दाखवेल, ती इथे अपेक्षितच आहे.

`pool` रुबिन यांचे नियम वापरतं. ३० लॉग ऑड्स रेशोंची सरासरी हा अंतिम अंदाज. अनिश्चितता मात्र दोन भागांची बनते: प्रत्येक डेटासेटमधल्या व्हेरियन्सची सरासरी W, आणि ३० उत्तरं आपसांत किती विखुरली आहेत तो व्हेरियन्स B.

```
T = W + (1 + 1/m) * B
```

समजा W ०.०२२ आणि B ०.००६ आला. मग T साधारण ०.०२८२ आणि प्रमाण त्रुटी ०.१६८. ऑड्स रेशो २.४० भोवतीचं ९५ टक्के अंतर साधारण १.७ ते ३.३. एकच डेटासेट भरून तो खराच आहे असं मानलं असतं, तर प्रमाण त्रुटी ०.१४८ दिसली असती, म्हणजे जे २६० जण आलेच नाहीत त्यांना भेटल्याइतकी खात्री. कम्प्लीट केसची प्रमाण त्रुटी याच तक्त्यात ०.१८० येते. आपलं उत्तर या दोघांच्या मधे पडतं आणि ते तसंच पडायला हवं. मल्टिपल इम्प्युटेशनची प्रमाण त्रुटी जवळजवळ पूर्ण डेटाइतकीच लहान आली, तर कुठेतरी गडबड आहे असं समजून मागे जा.

सहावी पायरी: बिघाड कसा ओळखायचा

`plot(a)` आणि `plot(b)` काढा. प्रत्येक फेरीतल्या सरासरीच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या दिसायला हव्यात. त्या समांतर धावत असतील किंवा हळूहळू वर चढत असतील, तर बहुधा एखादा चल दुसऱ्याचीच बेरीज आहे, जसं पीएचक्यू-९ चे नऊ प्रश्न आणि त्यांचे एकूण गुण दोन्ही यादीत राहून गेले.

`densityplot(b, ~ phq24)` मध्ये भरलेले गुण आणि प्रत्यक्ष गुण यांचे आलेख वेगळे दिसले म्हणून घाबरू नका. न आलेले जास्त आजारी होते, तर भरलेले गुण उजवीकडे सरकायलाच हवेत. तो फरक १२ व्या महिन्याच्या गुणांनी समजावता येतो का, हा खरा प्रश्न. १२ व्या महिन्यात साधारण सारखे गुण असलेल्यांची तुलना करूनही भरलेले आणि प्रत्यक्ष गुण फार वेगळे असतील, तर मॉडेल तपासा.

कम्प्लीट केस आणि इम्प्युटेशन दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवा. फरक पडला तर तो कोणत्या माणसांमुळे, हे आपल्या त्या ९० जणांसारखं बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल, तर इम्प्युटेशन मॉडेलमध्ये चूक असण्याची शक्यता मी आधी धरतो.

सातवी पायरी: गृहीतक मोडून पाहा

एमएआर सिद्ध करता येत नाही, पण ते किती चुकलं तर निष्कर्ष बदलेल हे काढता येतं. याला डेल्टा समायोजन म्हणतात: एमएआरने दिलेला अंदाज मुद्दाम जितका सरकवायचा ती डेल्टा. हाताने: न आलेल्यांचे नैराश्याचे ऑड्स, एमएआरने दिलेल्यापेक्षा दुप्पट आहेत असं धरा. ६० टक्क्यांचे ७५ टक्के होतात, २० चे सुमारे ३३, १० चे सुमारे १८. निद्रानाशाच्या गटात नैराश्य ४० टक्क्यांवर जातं, दुसऱ्या गटात सुमारे २०.२ वर, आणि ऑड्स रेशो सुमारे २.६ होतो.

आता निष्कर्षाच्या विरोधात जाणारी बाजू घ्या. निद्रानाश असलेले जे आले नाहीत ते बरे झाले म्हणून आले नाहीत, त्यांचे ऑड्स निम्मे. आणि दुसऱ्या गटातले न आलेले मात्र जास्त आजारी, त्यांचे दुप्पट. टक्केवारी ३० आणि २०.२, ऑड्स रेशो साधारण १.७. इतकं ओढूनताणूनही संबंध पुसला जात नाही. तो नेमका कुठे पुसला जातो ती डेल्टा शोधा आणि मग मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्याला विचारा, प्रत्यक्षात असं घडू शकेल का. या प्रश्नाचं उत्तर दवाखान्यात बसणाऱ्या माणसाकडे असतं, संगणकाकडे नाही.

गुण इम्प्युट करत असाल तर ऑड्सऐवजी गुणांतच भर घालता येते. भरलेल्या प्रत्येक गुणात ३ मिळवायचे असतील तर:

```r
post <- make.post(d)
post["phq24"] <-
  "imp[[j]][, i] <- squeeze(imp[[j]][, i] + 3, c(0, 27))"
```

हे `post` वरच्या दोन्ही `mice` ओळींत `post = post` असं द्या आणि ३ च्या जागी ०, १, २ पासून ६ पर्यंत किमती घालून निकालांचा तक्ता बनवा. किमतींची ही यादी निकाल पाहण्याआधी ठरलेली असावी.

आठवी पायरी: लेखात काय लिहायचं

‘गहाळ माहितीसाठी मल्टिपल इम्प्युटेशन वापरलं’ या एका वाक्यावर बरेच लेख थांबतात. त्यातून वाचकाला काहीच तपासता येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली टारमॉस ही चौकट नेमकं हेच मागते: गृहीतकं आणि पद्धत आधी ठरवा, ठरल्याप्रमाणे करा, आणि केलं ते उघड सांगा. आपल्या उदाहरणासाठी मजकूर असा होईल:

‘१००० पैकी २६० जणांचे २४ व्या महिन्याचे पीएचक्यू-९ गुण उपलब्ध नव्हते (निद्रानाश गटात १४०, दुसऱ्या गटात १२०). सहभाग १२ व्या महिन्यातल्या नैराश्याशी निगडित होता आणि हा संबंध फक्त निद्रानाश गटात दिसला, म्हणून कम्प्लीट केस विश्लेषणातला ऑड्स रेशो कमी दिसेल अशी आमची अपेक्षा होती. निद्रानाश, वय, लिंग, सुरुवातीचे व १२ व्या महिन्याचे गुण, मद्यपान आणि रुग्णालयातल्या नोंदी धरल्यावर गुण गहाळ होणं त्या गुणांवर अवलंबून नाही, असं मुख्य विश्लेषणात गृहीत धरलं. दोन्ही गटांत स्वतंत्रपणे ३० डेटासेट तयार करून रुबिन यांच्या नियमांनी निकाल एकत्र केले. हे गृहीतक खरं नसल्यास काय होईल ते न आलेल्यांच्या गुणांत ० ते ६ ची भर घालून तपासलं. कम्प्लीट केसचे निकालही सोबत दिले आहेत.’

यातलं दुसरं वाक्य सहसा कुणी लिहीत नाही. बायस कोणत्या दिशेला असेल हे विश्लेषणाआधी नोंदवलेलं असेल, तर परीक्षकाने ‘तुम्ही मोठा आकडा देणारी पद्धत निवडलीत’ असा आक्षेप घेतला तरी दाखवायला तारखेसह विश्लेषण-आराखडा हाताशी असतो. आणि डेल्टाच्या तक्त्यात एखाद्या ओळीत संबंध नाहीसा होत असेल, तर ती ओळ पुरवणीत न ढकलता मुख्य लेखातच छापा.